हेडलाइन वाचून घेतलेलं सॉफ्टवेअर: ८ महिने वापरल्यानंतर

नाव लिहीत नाहीये, कारण कंपनीशी भांडण अजून पूर्ण मिटलेलं नाही. पण छोट्या आर्किटेक्ट-इंटिरियर ऑफिससाठी प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर शोधत ज्यांनी दोनचार डेमो घेतलेत त्यांना कळेलच कुठलं ते. फीचर्सची यादी त्यांच्या पेजवर आहे, ती परत टाईप करत बसत नाही. मला बोलायचंय त्या पेजच्या पहिल्या ओळीवर, कारण मी ते विकत घेतलं त्या ओळीमुळे आणि आठ महिने डोक्याला शॉट लागला तोही त्याच ओळीमुळे.

त्याआधी मी तीन पेजेस उघडून बंद केली होती. "सगळं काम एका जागी", "टीमची ताकद वाढवा" वगैरे. हे केटरिंगवाल्यालाही चालेल आणि ट्रॅव्हल एजन्सीलाही. मग हे उघडलं, मोठ्या अक्षरात (इंग्रजीत, मी मराठीत सांगतेय): "साइटवर कायम शेवटचंच ड्रॉइंग". खाली बारीक, पाच ते पंधरा जणांच्या डिझाइन ऑफिससाठी. खरं सांगते, मी तिथंच गार. ज्याने कोणी लिहिलं त्याने कधीतरी जुन्या ड्रॉइंगवर झालेलं काम फोडताना बघितलंय असं वाटलं. माझं ऑफिस पाच जणांचं अधिक एक सुपरवायझर, ८५० रुपये माणशी महिना, वर्षाचे ६१,२०० आणि वर १८ टक्के जीएसटी. जीएसटीचं क्रेडिट मिळतं हो, पण पैसे तर आधी खिशातूनच जातात ना. प्रायसिंगचं पेज मी नीट वाचलं नाही, ही माझी चूक, पुढे येतंच ते.

तिसऱ्या महिन्यात बावधनच्या साइटवर किचन. R2 मध्ये, म्हणजे ड्रॉइंगच्या दुसऱ्या रिव्हिजनमध्ये, हॉब खिडकीशेजारच्या भिंतीला होता. क्लायंटच्या सासूबाईंनी सांगितलं स्वयंपाक करताना तोंड पूर्वेला पाहिजे, म्हणून R3 मध्ये हॉब पूर्वेच्या भिंतीवर गेला, त्याबरोबर चिमणी गेली, चिमणीचा पॉइंट गेला आणि बाहेरच्या भिंतीतलं सहा इंची डक्टचं भोकही गेलं. R3 सॉफ्टवेअरवर चढवलं, सुपरवायझरला नोटिफिकेशन गेलं, त्याने उघडलंसुद्धा. चार दिवसांनी मी साइटवर गेले तर कोर कटिंग झालेलं, खिडकीशेजारी. जुन्या जागी. भिंतीतून बाहेरचं आभाळ दिसतंय आणि इलेक्ट्रिशियन मला उत्साहाने दाखवतोय, "मॅडम, एकदम सेंटरला आलंय बघा."

त्याचा मोबाईल मागितला. सॉफ्टवेअर नाहीच त्यात. व्हॉट्सअॅपवर एक स्क्रीनशॉट, सुपरवायझरने पंधरा दिवसांपूर्वी पाठवलेला, किचनवर झूम केलेला. आणि झूम केल्यामुळे खालचा उजवा कोपरा, म्हणजे टायटल ब्लॉक, जिथं R2 आणि तारीख लिहिलेली असते, तो कापला गेलेला! ते चित्र बघून कुणालाच, अगदी मलासुद्धा, कळलं नसतं की हे जुनं आहे. माझंच ड्रॉइंग मी दोन मिनिटं बघत राहिले.

सुपरवायझरला झापायला सुरुवात केली तर तो शांतपणे म्हणाला, मॅडम त्याला लॉगिनच नाहीये. आणि तेव्हा प्रायसिंगचं पेज नीट वाचलं. बाहेरचे लोक, म्हणजे गेस्ट, फक्त दोन फुकट. त्यापुढे माणशी २५० महिना. माझ्या चार साइटवर सुतार, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, फॉल्स सिलिंगवाला, फरशीवाला धरून दहाबारा जण सहज होतात, आणि फॉल्स सिलिंगवाला तर पंधरा दिवसच असतो, त्याचा महिना कोण भरणार. मग सुपरवायझरने तेच केलं जे सगळे करतात, स्क्रीनशॉट काढला आणि पाठवला. म्हणजे हेडलाइन साइटची आणि पैसे साइटवरच्या माणसाचे वेगळे. शेवटचं ड्रॉइंग ऑफिसातल्या एसीत बसलेल्यांकडे कायम आहे, त्यांना ते तसंही माहीत असतं, कारण काढलंय त्यांनीच.

खर्च: नवीन कोर १,५००, वायरिंगची झिरी परत मारून भरायला ४,०००, आणि जुनं भोक बुजवणं. सातवा मजला, त्यामुळे बाहेरून प्लास्टर, वॉटरप्रूफिंग आणि सोसायटीच्या रंगाच्या शेडचा पॅच मारायला दोरीवरचा माणूस, ६,५००. एकूण १२,०००, क्लायंटला कुठल्या तोंडाने लावणार, मीच भरले.

कस्टमर केअरचं उत्तर, "आमच्या सिस्टिममध्ये R3 बरोबर दिसतंय मॅडम." हो दिसतंय, पण भोक तुमच्या सिस्टिममध्ये नाही पडलं, भिंतीत पडलंय. मी त्यांना एकच लिहिलं, एकतर हेडलाइनमधून "साइटवर" काढा नाहीतर साइटवरच्यांना फुकट बघू द्या. तीन मेल, दोन कॉल, मग सगळं थंड.

आता मजा बघा. दोन महिन्यांनी त्यांनी खरंच हेडलाइन बदलली! "तुम्ही डिझाइन करा, बाकी आमच्यावर सोडा." आई शप्पथ, हसावं का रडावं. पहिली अर्धी खोटी होती पण निदान आमच्या धंद्यातली होती, मी ती घेऊन भांडू तरी शकले. ही पकडून भांडणार कशावर? बाकी म्हणजे काय, सुतार आला नाही तर तुम्ही येणार का?

इथपर्यंतचं सहाव्या महिन्यात लिहिलं होतं आणि दोन स्टार देऊन टाकणार होते. पण तेवढ्यात एक अपडेट आला, आणि मत बदलावं लागतंय. प्रत्येक शीटच्या टायटल ब्लॉकमध्ये आता क्यूआर छापता येतो. लॉगिन नाही, अॅप नाही, कुणीही मोबाईलने स्कॅन करायचं, चालू ड्रॉइंग असेल तर हिरवं पान, जुनं असेल तर लाल आणि खाली नव्याची लिंक. शिवाय नवीन रिव्हिजन चढवलं की जुन्या पीडीएफवर आडवा "रद्द" असा शिक्का बसतो, अगदी मधोमध, म्हणजे झूम करून स्क्रीनशॉट काढला तरी तुकडा दिसतोच. मी मागितलं होतं त्यापेक्षा हे चांगलं आहे, कबूल करते. फक्त आधीच फोनमध्ये उतरवलेल्या फाइलवर शिक्का बसत नाही, आणि बेसमेंटमध्ये रेंज नसली की स्कॅनचा उपयोग शून्य. म्हणून आम्ही आता अख्खी शीटच पाठवायची, कापलेलं चित्र पाठवायचं नाही असा नियम केलाय आणि साइटवर भिंतीला चिकटवलेला ए-थ्री प्रिंट नवीन लावताना जुना फाडून सुपरवायझरने फोटो टाकायचा.

बाकी थोडक्यात. टाइमशीट कुणी भरत नाही, आमचीच सवय. क्लायंटचं अप्रूव्हल तारखेसकट राहतं, लॅमिनेटच्या शेडवरून होणारं भांडण त्याने दोनदा वाचवलं. बीओक्यू, म्हणजे कामाची आणि मालाची मोजमापासकट यादी, अजून एक्सेलमध्येच करतो.

पण हा लाल-हिरवा प्रकार त्यांच्या पेजवर कुठं आहे माहितीये? सगळ्यात खाली, चौदाव्या का पंधराव्या आयकॉनखाली एक ओळ. वर अजून "बाकी आमच्यावर सोडा". मी त्यांना परत मेल केलाय, फुकटात हेडलाइन देतेय म्हणून: "जुनं ड्रॉइंग साइटवर स्कॅन केलं तर लाल दिसेल", आणि खाली, "सुतार-इलेक्ट्रिशियनचे पैसे नाहीत". ही ओळ वाचणारा डेमोतच मोबाईल काढून खरंखोटं करू शकतो. उत्तर आलं, मार्केटिंग टीमला कळवतो.

रिन्यूअल चार महिन्यांनी आहे, बहुतेक करीन, पण गेस्टचे २५० कधीच भरणार नाही. गेल्या आठवड्यात त्याच इलेक्ट्रिशियनचा बाणेरच्या साइटवरून सकाळी नऊला फोन, "मॅडम, लाल येतंय, कोर मशीन लावून ठेवलंय, थांबू का?" थांब म्हणलं.