‘दिला’ की ‘राहू दे’? स्ट्रोक प्ले आणि मॅच प्लेमधला फरक

आमची गोल्फची चौकडी अलिबागला खेळायला जाणारी. रविवारी पहाटे निघायचं, पेण मागे टाकायचं आणि ऊन चढायच्या आत पहिल्या टीवर उभं राहायचं. गाडीत वाद एकच असतो: आज कार्ड लिहायचं, म्हणजे स्ट्रोक प्लेमध्ये सगळे फटके मोजायचे, की मॅच खेळायची, म्हणजे एकेक होल जिंकायचा? मी पाच-सहा वर्षं मॅचच्या बाजूने भांडलो. गेली दोन वर्षं दुसऱ्या बाजूने भांडतोय. नव्याने ठरवणाऱ्याला माझा हा पक्षबदल उपयोगी पडेल म्हणून लिहितो आहे.

गुणांचा हिशेब सगळ्यांना माहीत असतो, पण त्याचा परिणाम पहिल्यांदा खेळताना कळतो. समजा तीन होलमध्ये माझे फटके ४, ४ आणि १० झाले, तुमचे ५, ५ आणि ४. स्ट्रोक प्लेमध्ये मी १८, तुम्ही १४. मी साफ मागे. मॅच प्लेमध्ये मात्र पहिले दोन होल माझे, तिसरा तुमचा, म्हणजे मी एक होल पुढे. माझ्या त्या दहा फटक्यांची किंमत एक होल, बास. चेंडू करवंदीच्या जाळीत गेला, जांभ्या दगडावर आपटून आणखी आत गेला, तर मॅचमध्ये तुम्ही तो होल सोडून पुढच्या टीकडे चालू लागता. कार्डावर तो आकडा संध्याकाळपर्यंत तुमच्याकडे बघत राहतो. ज्याचा ड्राइव्ह, म्हणजे टीवरचा लांब फटका, अजून भरवशाचा नाही, त्याला मॅच प्ले जास्त दयाळू आहे, हे मी आजही मान्य करतो.

माझं मन फिरलं ते ड्राइव्हमुळे नाही, दोन फुटांवरून चेंडू भोकात ढकलायच्या फटक्यामुळे, म्हणजे पटमुळे.

मॅच प्लेमध्ये प्रतिस्पर्ध्याचा पुढचा फटका तुम्ही सोडून देऊ शकता. तो फटका आत गेला असं धरायचं आणि त्याने चेंडू उचलायचा. एकदा दिलेला पट परत घेता येत नाही आणि समोरच्यालाही ‘नको’ म्हणता येत नाही. हौसेने मारून बघितला आणि चुकला, तरी तो होल तिथेच संपलेला असतो. १९६९च्या रायडर कपमध्ये जॅक निकलसने शेवटच्या ग्रीनवर टोनी जॅकलिनला साधारण दोन फुटांचा पट दिला आणि दोन्ही संघ १६-१६ असे बरोबरीत राहिले. किस्सा सुंदर आहे. पण निकलसला जॅकलिनची भीड नव्हती; आपल्याकडे भीड असते.

माझी मॅच बहुतेक वेळा चुलतभावाशी, दादाशी. तो माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. त्याचा पट तीन फुटांवर असला तरी माझ्या तोंडून ‘दिला’ निघायचं, कारण न देणं म्हणजे त्याच्या हातावर शंका घेणं. माझा दीड फुटावर असला की दादा समुद्राकडे बघायचा. मी मार्कर लावायचा, वाकायचं, उगाच वेळ काढायचा आणि मागितल्यासारखं न दिसता मागायचं. नियमात यात काहीच चूक नाही. पट द्यायची सक्ती कुणावरच नसते. पण रविवार सकाळी असं हात पसरून उभं राहायला मी कशाला जाऊ?

मग तो सोळावा होल आला. मॅच बरोबरीत होती, दुपारचे खारे वारे सुटले होते. दादा आधीच पाच फटक्यांत होल पुरा करून बाजूला झालेला. माझे चार झालेले आणि चेंडू दोन फुटांवर. तो आत गेला तर होल बरोबरीत. दादा म्हणाला, “राहू दे.” मी “थँक यू, दादा” म्हणून चेंडू उचलला. तो चमकला. “अरे, मी कॅडीला सांगत होतो. झेंडा राहू दे!” २०१९पासून झेंडा भोकात ठेवूनच पट मारायला परवानगी आहे, त्यामुळे त्याचं म्हणणंही खरं होतं.

अशा वेळी करायचं काय, हे आम्हा चौघांनाही नीट माहीत नव्हतं. समोरच्याच्या बोलण्यातून पट दिला असा रास्त गैरसमज झाला असेल, तर दंड नाही; चेंडू होता तिथे ठेवायचा आणि मारायचा. कुणी काही बोललंच नसताना गृहीत धरून उचलला, तर मात्र एक फटका दंड. २०१५च्या सोलहाइम कपमध्ये अॅलिसन ली हिने साधारण दीड फुटाचा पट दिला असं समजून चेंडू उचलला. तो दिलेला नव्हता आणि तो होल तिच्या जोडीने गमावला. मला दंड नव्हता. मी चेंडू परत ठेवला, मारला, आणि तो भोकाच्या कडेवरून फिरून बाहेर राहिला. होल गेला. परतीच्या वाटेवर पनवेलपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

त्या पटने मला खरी गोष्ट सांगितली: वर्षभर ते अंतर मी मारलंच नव्हतं. मला ते दिलं जात होतं. हँडिकॅपसाठी, म्हणजे खेळाडूचा दर्जा दाखवणाऱ्या आकड्यासाठी, गुण भरतानाही हे झाकलं जातं, कारण पाच फुटांच्या आत सोडलेल्या पटला तिथे एकच फटका धरतात. माझ्या कार्डावर मी चार फुटांवरून कधीच चुकत नव्हतो. पुढे पहिला महिना सलग कार्ड लिहिलं तेव्हा तीन फुटांच्या आतून किती चुकले ते मोजायचं मी मध्येच सोडून दिलं.

स्ट्रोक प्लेमध्ये हा प्रश्नच येत नाही. तुम्ही मैदानावरच्या सगळ्यांशी खेळत असता, त्यामुळे जोडीदाराला तुमचा पट सोडायचा अधिकारच नाही. चेंडू भोकात जायलाच हवा. १९८३च्या ब्रिटिश ओपनमध्ये हेल अर्विन दोन-तीन इंचांवरचा चेंडू सहज ढकलायला गेला आणि क्लब चेंडूला लागलाच नाही. तो फटका मोजला गेला आणि अर्विन टॉम वॉटसनच्या एक फटका मागे राहिला.

मॅचमधून कार्डाकडे येणाऱ्याला एकच सवय महागात पडते. जोडीदार सवयीने “दिला” म्हणतो, तुम्ही सवयीने उचलता. लगेच लक्षात आलं तर एक फटका दंड घ्यायचा, चेंडू जागेवर ठेवायचा आणि आत घालायचा. पुढच्या टीवरून फटका मारलात की ती संधी गेली आणि तुम्ही स्पर्धेतून बाद. शेवटच्या होलवर मुदत कार्ड जमा करेपर्यंत.

कार्डाने खेळ लांबतो, हे खरं. चौघांनी प्रत्येक पट पुरा करायचा म्हणजे मागची चौकडी कमरेवर हात ठेवून उभी राहते, आणि मे महिन्यात अकरानंतर ग्रीनवर उभं राहणं ही शिक्षाच असते. चौघांचा दर्जा फार वेगवेगळा असेल किंवा वेळ कमी असेल, तर मॅच खेळा. मी नाक मुरडणार नाही. फक्त पहिल्या टीवरच ठरवा की पट सोडायचा शब्द एकच, ‘दिला’, आणि तो ऐकू आल्याशिवाय चेंडूला हात लावायचा नाही.

आम्ही महिन्यातला एक रविवार मॅचला ठेवला आहे, दादाच्या आग्रहाखातर. उरलेल्या रविवारी दीड फुटावर चेंडू असताना दादा कुठे बघतोय, याकडे माझं लक्ष नसतं.