घड्याळातला ‘फोन राहिला’ अलर्ट, आठ महिन्यांनंतर

घड्याळ घेतलं तेव्हा हा अलर्ट दोन दिवसांत वैतागून बंद केला होता. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला आणि मी गच्चीवर, की लगेच मनगटावर गुरगुर. मग एकदा दुकानात पैसे देताना फोन काउंटरवर ठेवला, पिशव्या उचलल्या आणि तसाच निघालो, घरी आल्यावर कळलं. सुदैवाने मिळाला, पण त्याच रात्री अलर्ट परत चालू केला.

आधी एक समजून घ्या, घड्याळ अंतर मोजत नाही, त्याला फक्त ब्लूटूथ तुटलेलं कळतं. दुकानात भिंती, कपाटं मध्ये आली तर पंधरावीस पावलांतच तुटतं, आणि समोर मोकळा रस्ता असला तर बरंच लांब जाईपर्यंत टिकतं. त्यातही तुटल्यावर घड्याळ थोडा वेळ वाट बघतं, म्हणजे तेवढ्यात आपण अजून पुढे गेलेलो असतो. मी मुद्दाम बायकोला फोन घेऊन दुकानात थांबवलं आणि पावलं मोजत बाहेर निघालो, तर पंचावन्नाव्या पावलाला व्हायब्रेशन आलं. पायी ठीक आहे हो, गाडीला किक मारून निघालात तर कोपरा ओलांडून गेलेले असाल.

दुसऱ्यांदा फोन राहिला तेव्हा अलर्ट चालू असूनही मनगट गप्प! शोधल्यावर कळलं की मीटिंगसाठी फोनवर डू नॉट डिस्टर्ब लावलं होतं, ते सिंक होऊन घड्याळावरही लागलं, आणि फोनशी ब्लूटूथ तुटलं तरी घड्याळ तसंच मुकं राहिलं. आता ते सिंक बंद ठेवलंय, शिवाय व्हायब्रेशन सगळ्यात जोरात केलंय, नाहीतर हातात पिशव्या असल्या की काही जाणवत नाही. सिमवाल्या घड्याळात अजून एक भानगड असते, ब्लूटूथ गेलं तरी ते नेटवरून फोनशी जोडलेलं राहू शकतं, म्हणून स्क्रीनवर कनेक्टेड दिसलं म्हणजे फोन खिशातच आहे असं धरू नका, घरीच एकदा फोन ठेवून बाहेर जाऊन बघा.

अलर्ट आला की लोक आधी ‘फोन शोधा’ दाबतात. माझ्या घड्याळात ते ब्लूटूथवरच चालतं, म्हणजे तुटलेलं असताना कितीही दाबा, काही होत नाही. मी आता आधी आल्या वाटेने मागे फिरतो, तुटल्याचं चिन्ह गेलं की मग दाबतो. परवा असंच दुकानाच्या दाराशी पोचल्यावर चिन्ह गेलं, दाबलं, तर सायलेंटवर असूनही फोन वाजला, दुकानदाराने बिलांच्या चळतीखालून काढून दिला.

घरातली गुरगुर मात्र अजून आहे. ‘घरी असताना नको’ असा पर्याय माझ्या घड्याळात नाही, तेवढा एक स्टार कमी.