चकाचक, टापटीप की निर्जंतुक? खोल्यांच्या वर्णनात काय लिहावं

कोकणात दोन-चार खोल्यांचं घरगुती निवास चालवणारे बुकिंगच्या साइटवर बहुधा ‘स्वच्छ व सुंदर खोल्या’ असंच लिहितात. ‘स्वच्छ’ चुकीचा नाही, पण सगळ्यांकडेच तो असल्याने वाचणारा पुढे सरकतो. तो कशाला तरी चिकटवा. ‘संडास-बाथरूम स्वच्छ’ लिहिलंत की त्याला वजन येतं, कारण मुलाबाळांसह येणारं कुटुंब फोन करून आधी तेच विचारतं.

खरी निवड ‘चकाचक’ आणि ‘टापटीप’ यांच्यात आहे. चकाचक म्हणजे डाग नाही, फरशी चमकते. नव्या टाइल्सच्या खोलीला हे चालून जातं. पण जांभ्याच्या मुलखात तांबडी माती चपलांबरोबर आत येणारच, आणि विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर कमोडमध्ये तांबूस ओघळ उमटतो. तो फिनेलने जात नाही, ब्लीचिंग पावडरने उलट पक्का होतो. अशा घराने चकाचक लिहिलं, तर पाहुणा त्या ओघळाचाच फोटो टाकतो. टापटीपमध्ये चमक नाही. चादर ताणलेली, बादली-मग जागेवर, कोपऱ्यात जळमट नाही, एवढंच त्यात येतं. जुन्या कौलारू घराला तोच शोभतो आणि पाळताही येतो.

‘निर्जंतुक’ मात्र नकोच. तो शस्त्रक्रियेच्या खोलीचा शब्द. राहत्या घरात ते शक्य नाही. ‘सॅनिटाइज्ड’ कोविडच्या दिवसांत ठीक होतं, आज वर्णन तेव्हापासून बदललेलं नाही असं वाटतं. ‘हायजिनिक’ स्वयंपाकघरापुरता चालेल, पण ‘पिण्याचं पाणी उकळून, गाळून देतो’ हे वाक्य त्याहून जास्त सांगतं.

‘निर्मळ’ आणि ‘नितळ’ खोलीला लावले तर कवितेसारखे वाटतात. ते समुद्राचे. तेही महिना बघून: तारकर्लीचं हिवाळ्यातलं नितळ पाणी जुलैत गढूळ असतं, आणि तेव्हा आलेला माणूस वर्णन खोटं म्हणणार.

मालवणजवळच्या दोन खोल्यांच्या घराचं वर्णन समजा असं आहे: ‘निसर्गरम्य परिसरात अत्यंत हायजिनिक व चकाचक रूम्स.’ मी ते असं करीन:

‘टापटीप खोल्या. प्रत्येक पाहुण्यासाठी धुतलेल्या चादरी आणि उशांचे अभ्रे. संडास-बाथरूम खोलीला लागून, रोज धुतलं जातं. विहिरीच्या पाण्यात लोह असल्याने कमोडमध्ये तांबूस डाग दिसतात.’

शेवटचं वाक्य लिहायला मालक कचरतात. पण बऱ्याच साइटवर स्वच्छतेचे गुण वेगळे दिले जातात, आणि आधी सांगितलेल्या डागासाठी ते कापणारे कमीच.