वर्कशॉपचा पंप: आधी मायक्रोकंट्रोलर, आता छोटा पीएलसी

मशीनखालचं कूलंट आणि धुण्याचं पाणी आमच्याकडे एका खड्ड्यात जमतं. त्यात दोन फ्लोट स्विच आहेत. पाणी वरच्या फ्लोटला लागलं की थ्री-फेज पंप चालू, खालच्याच्या खाली गेलं की बंद. हे काम आधी काही महिने मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डाने केलं, आता बरेच महिने छोटा पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवायला बनवलेला तयार कंट्रोलर, करतोय. फ्लोट, पंप आणि काँटॅक्टर तेच आहेत, त्यामुळे तुलना सरळ होते.

बोर्डावरचा प्रोग्राम मुळात एवढाच होता:

```
if (!low) pump = false;
else if (high) pump = true;
```

यात खोट काढायला जागा नाही. तरी पंप अधूनमधून खड्डा अर्धा असतानाच थांबायचा, किंवा बंद झाल्या झाल्या पुन्हा चालू व्हायचा. अशा वेळी लॅपटॉप जोडून सीरियल मॉनिटर बघावा. काँटॅक्टर सुटताना बोर्डाचा सुरुवातीचा मेसेज पुन्हा उमटला, तर बोर्ड रीसेट होतोय. मेसेज न येता नुसता इनपुट पलटला, तर फ्लोटच्या तारेत नॉइज शिरतोय. आमच्याकडे दोन्ही होत होतं. काँटॅक्टरच्या कॉइलच्या ए१-ए२ टोकांवर, ती सुटतानाचा झटका शोषणारा आरसी स्नबर लावल्यावर रीसेट थांबले, इनपुट मात्र पलटतच राहिला.

त्याचं मूळ पुल-अपमध्ये, म्हणजे फ्लोट उघडा असताना इनपुट ५ व्होल्टला धरून ठेवणाऱ्या रेझिस्टरमध्ये होतं. बोर्डाच्या आतला पुल-अप २० ते ५० किलोओहमचा. ५ व्होल्टला त्यातून फार तर पाव मिलिअँपिअर करंट जातो. तार मोटरच्या केबलशेजारून गेली, की एवढ्या कमकुवत सिग्नलला पलटायला फारसं काही लागत नाही. शिवाय फ्लोटच्या काँटॅक्टवर हलका ऑक्साइड चढला, तर इतक्या करंटने तो फुटत नाही. मल्टिमीटरवर काँटॅक्ट ठीक दिसतो आणि बोर्डाला दिसत नाही, हा छळ त्यातलाच.

पीएलसीचा २४ व्होल्टचा नेहमीचा इनपुट ५ व्होल्टच्या खाली बंद आणि १५ च्या वर चालू धरतो, काँटॅक्टमधून निदान दोन मिलिअँपिअर ओढतो आणि वर काही मिलिसेकंदांचा फिल्टर असतो. त्याच तारा जशाच्या तशा इकडे जोडल्या, आणि पंपाचा तो चाळा बंद झाला.

पीएलसीचा प्रोग्राम वायरिंगच्या आकृतीसारखा, लॅडरमध्ये लिहितात. त्यातली मुख्य ओळ ही:

```
|--[LOW]--+--[HIGH]--+--(PUMP)--|
          +--[PUMP]--+
```

स्टार्टरचं होल्डिंग काँटॅक्ट ज्याने जोडलंय, त्याला ही समजावून सांगावी लागत नाही. LOW पाणी असताना जुळलेला असतो, म्हणून त्याची तार तुटली तर पंप थांबतो. HIGH ची तार तुटली तर मात्र पंप सुरूच होणार नाही आणि खड्डा वाहील. त्यासाठी आणखी वर तिसरा फ्लोट लावून तो थेट भोंग्याला दिलाय. HIGH आहे आणि LOW नाही, अशी स्थिती पाण्याने येऊच शकत नाही. तशी दिसली की फ्लोट अडकला किंवा तार गेली, म्हणून त्यावरही दिवा आहे. ओव्हरलोड रिलेचा ९५-९६ काँटॅक्ट आणि इमर्जन्सी स्टॉप हे प्रोग्रामवर सोडलेले नाहीत, ते काँटॅक्टरच्या कॉइलच्या सिरीजमध्येच आहेत. बोर्ड असो वा पीएलसी, हे तसंच हवं.

लॅडरचे स्वतःचे खाचखळगेही आहेत. मध्यंतरी मेंटेनन्सवाल्याने हाताने पंप चालवायला खाली नवी ओळ टाकली, तिच्या शेवटीही PUMP हीच कॉइल. ऑटोमध्ये पंप चालेना. ऑनलाइन बघितलं तर LOW आणि HIGH दोन्ही हिरवे, आणि आउटपुटचा दिवा बंद! पीएलसी प्रत्येक स्कॅनमध्ये ओळी वरून खाली सोडवत जातो आणि शेवटची ओळ जिंकते. हाताचं बटण वरच्याच ओळीत HIGH ला समांतर घेतल्यावर प्रश्न मिटला. पण चालू पंपावर, प्रोग्राम न थांबवता, कुठे अडलंय हे स्क्रीनवर दिसलं, ही सोय बोर्डावर मला कधी मिळाली नव्हती.

बोर्डाला २४ व्होल्टचे ऑप्टो इनपुट, स्नबर, चांगला सप्लाय आणि वॉचडॉग देऊन पक्कं करता येतं, नाही असं नाही. पण तोवर आपण घरचा पीएलसी बनवलेला असतो, आणि तो आपल्याशिवाय कोणी उघडू धजत नाही. एकाच डिझाइनचे शंभर नग काढायचे असतील तर ती मेहनत वसूल होते. एका पंपासाठी मी पीएलसीच घेईन.

जुना बोर्ड मी फेकला नाही. मोटरच्या एका फेजवर करंट ट्रान्सफॉर्मर बसवून तो करंट वाचतो आणि वायफायवरून नोंद ठेवतो. छोट्या पीएलसीवर हे करायला वेगळं मॉड्यूल लागलं असतं. पंप कोरडा चालला की करंट नेहमीपेक्षा खाली येतो, गाळाने पंपाचा पंखा जड फिरू लागला की वर जातो. बोर्डाला पंप थांबवायचा अधिकार नाही. त्याचा रिले पीएलसीच्या एका इनपुटवर फक्त इशारा देतो, आणि बोर्ड बंद पडला तरी खड्डा उपसला जातो.

पीएलसी घेणाऱ्यांनी एवढं करावं: मूळ प्रोजेक्ट फाइल दोन ठिकाणी ठेवा. काही छोट्या पीएलसींमधून प्रोग्राम परत काढता येतो, पण टिपणं आणि नावं येत नाहीत, आणि LOW, HIGH च्या जागी नुसते पत्ते वाचत बसावं लागतं.