बोअरिंगच्या पाण्यासाठी आरओ: साधे यंत्र की ‘हाय रिकव्हरी’?

इंदूरमध्ये अनेक घरांत जलूदहून येणारे नर्मदेचे पाणी आणि बोअरिंगचे पाणी एकाच टाकीत मिसळते. नर्मदेचे पाणी वेगळे साठवता येत असेल आणि पाण्यात विरघळलेले क्षार, म्हणजेच टीडीएस, मोजणारे मीटर दोन-अडीचशेच्या आसपास आकडा दाखवत असेल, तर माझ्या मते आरओ घेऊच नये. पाणी बारीक गाळणारे यूएफ आणि जंतू मारणारे यूव्ही असलेले यंत्र पुरते आणि पाणी वाया जात नाही. खालील तुलना बोअरिंगवरच अवलंबून असणाऱ्यांसाठी असून, त्या पाण्याचा टीडीएस 900 धरला आहे.

गच्चीवरच्या टाकीतून दहा मीटर खाली आलेल्या पाण्याला जेमतेम 14 पीएसआय दाब असतो, त्यामुळे दोन्ही यंत्रांत बूस्टर पंप लागतोच. खरा फरक पडतो तो क्षार अडवणाऱ्या मेम्ब्रेननंतर सांडपाण्याच्या नळीवर प्रवाह आवळण्यासाठी बसवलेल्या फ्लो रिस्ट्रिक्टरमुळे. 80 जीपीडीचे, म्हणजे दिवसाला 80 गॅलन क्षमतेचे मेम्ब्रेन मिनिटाला साधारण 200 मिली शुद्ध पाणी देते. ‘450’चा रिस्ट्रिक्टर असेल तर त्याच मिनिटात 450 मिली पाणी बाहेर जाते, म्हणजे रिकव्हरी, अर्थात आत आलेल्या पाण्यापैकी शुद्ध होऊन मिळणारा वाटा, 31 टक्के आणि सांडपाण्याचा टीडीएस सुमारे 1,300. ‘300’चा बसवला तर रिकव्हरी 40 टक्क्यांवर आणि टीडीएस 1,500 वर जातो.

हाय रिकव्हरी यंत्रात सांडपाण्याचा काही भाग पुन्हा मेम्ब्रेनकडे वळवून 60 टक्के गाठले जातात. जाहिरातीत हा आकडा ठळक असतो. मात्र तेव्हा सांडपाण्याचा टीडीएस 2,250 च्या घरात जातो, हे कोणी छापत नाही. दर 100 टीडीएसमागे साधारण एक पीएसआय दाब क्षारांच्या ओढीवरच खर्च होतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे कठीण पाण्यातला चुना मेम्ब्रेनवर बसतो. सांडपाणी पूर्वीइतकेच येत असून शुद्ध पाण्याची धार बारीक झाली, तर बहुधा हा थरच कारण असतो. दोन्ही धारा मंदावल्या असतील, तर आधी सेडिमेंट फिल्टर किंवा पंप तपासावा. म्हणून, आधी पाण्याचा कठीणपणा घालवणारा सॉफ्टनर नसेल तर 40 टक्क्यांचेच यंत्र घ्यावे, असे मी सुचवीन. मात्र जुन्या यंत्रात मेकॅनिक नुसता लहान रिस्ट्रिक्टर बसवून ‘पाणी वाचेल’ म्हणत असेल, तर पाण्याचा कठीणपणा मोजल्याशिवाय होकार देऊ नये.

उरलेल्या पाण्याचा हिशेबही सोपा आहे. रोज 20 लिटर शुद्ध पाणी लागत असेल, तर 40 टक्क्यांच्या यंत्रातून 30 लिटर सांडपाणी निघते आणि सहा लिटरच्या फ्लशला ते पाच वेळा पुरते. त्यामुळे नळी थेट संडासातल्या पिंपात सोडणे सर्वांत सोयीचे. फक्त ती कुठे दुमडू देऊ नये. फरशी पुसायला ते चालते, पण काळ्या फरशीवर पांढरे डाग उमटतात. कूलरमध्ये मात्र ते घालू नये, कारण पाणी उडून जाते आणि क्षार जाळीत उरतात. कुंडीतल्या तुळशीच्या मातीतही तेच घडते.