चित्रीकरण झालेल्या प्रवासावर नकाशातली मार्गरेषा: मोबाइल अ‍ॅप, रिझॉल्व्ह की आफ्टर इफेक्ट्स?

घोडबंदर रोडला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने पावसाळ्यातल्या जुन्नरच्या सहलीचे अकरा मिनिटांचे चित्रण मोबाइलवर केले होते आणि ते जोडूनही ठेवले होते. तिला त्यात एकच भर घालायची होती. गाडी कल्याण सोडते तिथे, खिडकीतून दिसणाऱ्या रस्त्यावरच, नकाशा उमटावा आणि ठाणे, कल्याण, मुरबाड, माळशेज घाट, ओतूर, जुन्नर अशी रेषा सहा सेकंदांत पुढे सरकत जावी, एवढीच तिची अपेक्षा होती. यासाठी तिच्यापुढे तीन मार्ग होते: मोबाइलवरचे तयार मार्गनकाशा अ‍ॅप, दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती आणि आफ्टर इफेक्ट्स. नौपाड्यातल्या माझ्या टेबलावर आम्ही तिन्ही करून पाहिले. ज्यांना असाच निर्णय घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी त्यातले फरक येथे मांडतो.

पहिला फरक पारदर्शकतेचा आहे आणि बहुतेक निर्णय तिथेच होतो. मोबाइल अ‍ॅपमध्ये ठिकाणे निवडली की दोन-तीन मिनिटांत चित्रफीत तयार होते, छोटी गाडीही रेषेच्या टोकाला आपोआप बसते. मात्र हाती येते ती पूर्ण भरलेली, अपारदर्शक चित्रफीत. ती साधारणपणे एमपी४ फाइलमध्ये एच.२६४ पद्धतीने साठवलेली असते आणि त्या पद्धतीत पारदर्शक थर साठवला जात नाही. त्यामुळे मूळ चित्रणाच्या जागी सहा सेकंद पूर्ण पडदाभर नकाशा दाखवणे किंवा तो कोपऱ्यात चौकटीत बसवणे, एवढेच शक्य राहते. खालचा ओला रस्ता दिसत राहावा आणि त्यावर फक्त रेषा व गावांची नावे तरंगावीत, हे त्यातून होत नाही. शिवाय नकाशाचा रंग, रेषेची जाडी आणि थांब्यांची वेळ अ‍ॅपने ठरवलेली असते. ज्यांना पडदाभर नकाशा चालणार आहे आणि असे काम वर्षातून एकदाच करायचे आहे, त्यांनी अ‍ॅपच घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. फक्त मोफत आवृत्ती चित्रफितीवर आपली खूण उमटवते का, हे आधी एक छोटी फीत काढून तपासावे.

बहिणीला चित्रणावर तरंगणारी रेषाच हवी होती, म्हणून पुढची तुलना रिझॉल्व्ह आणि आफ्टर इफेक्ट्स यांची झाली.

दोन्हींसाठी आधी नकाशाचे एक स्थिर चित्र लागते. ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतस्थळावर शेअरच्या भागातून नकाशा पीएनजी चित्र म्हणून उतरवता येतो. तो वापरल्यास `© OpenStreetMap contributors` ही ओळ पडद्यावर किंवा शेवटच्या श्रेयनामावलीत द्यावी लागते. चित्र शेवटच्या पडद्याच्या निदान दीडपट रुंद घ्यावे, म्हणजे पुढे नकाशा थोडा जवळ आणला तरी अक्षरे फुटत नाहीत. मार्ग रेखाटताना मोबाइलमधली जीपीएस नोंद जशीच्या तशी घेण्याचा मोह होतो, तो टाळलेला बरा. ठाण्यापासून जुन्नरपर्यंतचा नकाशा एका पडद्यात मावतो, तेव्हा माळशेजची सगळी वळणे नखाएवढ्या जागेत येतात आणि हजारो बिंदूंची रेषा तिथे थरथरल्यासारखी दिसते. आम्ही हाताने फक्त चौदा बिंदू दिले. त्यातले चार घाटात होते आणि वळणावळणाचा रस्ता आहे हे समजायला तेवढे पुरले.

रिझॉल्व्हमध्ये हे काम फ्यूजनच्या पानावर होते. चित्रणाच्या वरच्या ट्रॅकवर एक रिकामे `Fusion Composition` ठेवून ते सहा सेकंदांपर्यंत ताणावे. त्याचा जो भाग रिकामा राहतो, तिथून खालचे चित्रण आपोआप दिसते, वेगळी पारदर्शक फाइल काढावी लागत नाही. आत `Background` या नोडला रेषेचा रंग द्यावा आणि `Polygon` या मास्कने मार्ग रेखाटावा. मार्ग बंद न करता उघडाच ठेवावा, `Solid` वरची खूण काढावी आणि `Border Width` वाढवावी. मग `Length` शून्यापासून एकपर्यंत नेली की रेषा सरकू लागते.

येथे एक चूक जवळपास प्रत्येकाकडून होते आणि आमच्याकडूनही झाली. फ्यूजनमध्ये `Polygon` काढताच त्याच्या आकारावरही की-फ्रेम, म्हणजे त्या फ्रेमवरच्या मूल्याची नोंद, आपोआप बसते. बहिणीने नव्वदाव्या फ्रेमवर उभे राहून मुरबाडचा बिंदू किंचित उजवीकडे सरकवला. नंतर फीत चालवली तेव्हा संपूर्ण रेषा पहिल्या तीन सेकंदांत हळूहळू वाकत होती, जणू रस्ताच जागा बदलत होता. रेषा लांबत असतानाच वाकताना दिसली, तर कारण हेच समजावे. `Polygon` च्या इन्स्पेक्टरमध्ये तळाशी `Right Click Here for Shape Animation` अशी ओळ असते. तिथे उजवी कळ दाबून आकाराचे अ‍ॅनिमेशन काढून टाकले की बिंदू कुठल्याही फ्रेमवर बिनधास्त हलवता येतात. हे रेखाटन सुरू करतानाच करावे.

आफ्टर इफेक्ट्समध्ये हा धोका नाही. पेनने शेप लेयरवर मार्ग काढावा, `Fill` बंद करावे, `Stroke` ठेवावा आणि `Add` मधून `Trim Paths` घ्यावे. त्यातील `End` शून्य टक्क्यांवरून शंभर टक्क्यांवर जाते आणि मार्गाला स्वतः की-फ्रेम दिल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही. अडचण येते ती बाहेर पडताना. रेषा आफ्टर इफेक्ट्समध्ये तयार करून दुसऱ्या संपादकात जोडलेल्या चित्रणावर ठेवायची असेल, तर `Apple ProRes 4444` निवडून वाहिन्यांमध्ये `RGB + Alpha` घ्यावे लागते. नेहमीच्या सवयीने एच.२६४ काढले तर रेषेमागे काळा पडदा येतो. पारदर्शक थर आला, पण रेषेच्या कडेला बारीक काळपट किनार दिसली, तर दुसऱ्या संपादकाने अल्फाचा, म्हणजे पारदर्शक थराचा, प्रकार चुकीचा ओळखला आहे असे समजावे. क्लिपच्या गुणधर्मांत `Straight` आणि `Premultiplied` यांची अदलाबदल केली की ती किनार जाते.

रेषा नकाशाला चिकटून राहणे हा मुद्दा दोन्हीकडे सारखाच महत्त्वाचा आहे, फक्त करण्याची रीत वेगळी आहे. रेषा आधी नकाशावर बसवावी आणि लहानमोठे करणे किंवा सरकवणे हे दोघांवर मिळून करावे. फ्यूजनमध्ये रेषेचा `Background` नकाशाच्या चित्राएवढ्याच मापाचा ठेवून दोन्ही `Merge` करावे आणि `Transform` त्यानंतर जोडावा. आफ्टर इफेक्ट्समध्ये रेषेचा लेयर नकाशाच्या लेयरला पेरेंट करावा. हा क्रम चुकला तर नकाशा जवळ येताना रेषा कल्याणवरून सरकून उल्हास नदीच्या पात्रात जाते. पहिली आणि शेवटची फ्रेम तेवढी तपासली तर ही चूक कधीकधी सुटते, म्हणून मधली एक फ्रेमही थांबवून पाहावी.

वेळेची आखणी आमच्या उदाहरणात अशी झाली. मोबाइलचे चित्रण सेकंदाला तीस फ्रेमचे होते, म्हणजे सहा सेकंदांना १८० फ्रेम मिळाल्या. आमच्या रेषेच्या एकूण लांबीत मुरबाड ०.३५ वर आणि माळशेजचा घाटमाथा ०.६६ वर येत होता. शून्य ते ४८ फ्रेममध्ये रेषा मुरबाडला पोचते, ६० पर्यंत थांबते, १०२ ला घाटमाथ्यावर येते, ११७ पर्यंत पुन्हा थांबते आणि १६४ ला जुन्नर गाठते. उरलेल्या सोळा फ्रेममध्ये डोळ्यांना संपूर्ण मार्ग एकदा पाहता येतो. तिन्ही टप्प्यांत रेषेचा वेग जवळपास सारखा राहावा म्हणून आकडे असे निवडले. नाहीतर एखादा टप्पा उगाच धावतो आणि पाहणाऱ्याला तो रस्ता छोटा वाटतो. फ्यूजनच्या `Spline` मध्ये वक्र गुळगुळीत करताना थांब्याची रेघ आडवी सपाटच राहिली आहे ना, हे पाहावे. ती फुगली तर मुरबाडला पोचलेली रेषा किंचित पुढे जाऊन मागे येते. आफ्टर इफेक्ट्समध्ये `Easy Ease` दिल्यावर थांबा सपाटच राहतो, हा त्याचा एक छोटा पण खरा फायदा आहे.

रेषेच्या टोकाला गाडी हवी असेल तर आफ्टर इफेक्ट्स स्पष्टपणे पुढे आहे. `Window` मेनूतील `Create Nulls From Paths.jsx` उघडून, मार्ग निवडून `Trace Path` दाबले की मार्गावर चालणारा एक नल, म्हणजे न दिसणारा रिकामा लेयर, मिळतो आणि गाडीचे चित्र त्याला पेरेंट करता येते. रेषेच्या शेप लेयरचे नाव ‘मार्ग’ ठेवून, नलाच्या `Progress` वर आधीपासून असलेल्या की-फ्रेम काढून तिथे एक्स्प्रेशन म्हणून पुढील ओळ घातली की गाडी आणि रेषेचे टोक कधीच वेगळे पडत नाही.

```
thisComp.layer("मार्ग").content("Trim Paths 1").end
```

फ्यूजनमध्ये तोच आकार प्रकाशित करून दुसऱ्या नोडच्या पाथला जोडावा लागतो आणि मग `Length` व `Displacement` या दोघांच्या की-फ्रेम जुळवत बसावे लागते. हे होते, पण पहिल्यांदा करणाऱ्याची एक संध्याकाळ त्यात जाते.

गावांची नावे देवनागरीत हवी असतील तर दोन्हीकडे आधी एक परीक्षा घ्यावी. ‘कार्ला’ किंवा ‘त्र्यंबक’ असा रफार अथवा जोडाक्षर असलेला शब्द टाइप करून पाहावा. आफ्टर इफेक्ट्समध्ये प्रेफरन्सेसच्या `Type` भागात दक्षिण आशियाई लिपींसाठीचे टेक्स्ट इंजिन निवडावे लागते. कुठेही अक्षरे फुटलीच, तर नावे चित्र काढण्याच्या अ‍ॅपमध्ये लिहून पारदर्शक पीएनजी म्हणून आणणे हा सर्वांत कमी कटकटीचा उपाय आहे.

खर्चाच्या बाबतीत फार बोलण्यासारखे नाही. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती या कामातल्या कुठल्याच पायरीवर अडवत नाही, तर आफ्टर इफेक्ट्स वर्गणी भरूनच मिळते. महिन्याला दोन-तीन सहलींच्या फिती करणाऱ्याने आणि गाडी, ठिपके, नावे असा संच एकदा बनवून पुन्हापुन्हा वापरू पाहणाऱ्याने ती वर्गणी द्यावी. एका सहलीसाठी ती भरू नये.

बहिणीने गाडीचा हट्ट सोडला आणि रिझॉल्व्ह निवडले. नकाशा सौम्य करून त्याचा `Blend` ०.८ वर ठेवला आणि पिवळ्या रेषेखाली तीच रेषा थोडी जाड करून काळ्या रंगात दिली, कारण पावसाळ्यातल्या हिरव्या डोंगरांवर नुसती पिवळी रेषा हरवत होती. जिथे कॅमेरा जोरात हलत होता तो तुकडा टाळून, कल्याणनंतरचा सरळ रस्त्याचा सहा सेकंदांचा शांत तुकडा तिने त्याखाली ठेवला.