पिशवीवरचा स्निग्धांश आणि डब्यावरचा ‘ए टू’

नियमित व्यायाम करणाऱ्याने रोज कोणते दूध घ्यावे, याचा निर्णय प्रथिनांवरून होत नाही, कारण फुल क्रीम, टोन्ड आणि स्किम्ड या तिन्हींत प्रथिने जवळपास सारखीच, म्हणजे 100 मिलिलिटरमागे साधारण 3 ते 3.5 ग्रॅम असतात. खरा फरक स्निग्धांशाचा आहे. भारतीय अन्न सुरक्षा मानकांनुसार फुल क्रीम दुधात तो किमान 6 टक्के आणि टोन्ड दुधात किमान 3 टक्के असावा लागतो, तर स्किम्ड दुधात तो अर्ध्या टक्क्याच्या वर जाता कामा नये.

दिवसाला अर्धा लिटर दूध पिणाऱ्या व्यक्तीचा हिशेब मांडून पाहू. फुल क्रीममधून तिला सुमारे 30 ग्रॅम स्निग्ध पदार्थ मिळतात, टोन्डमधून 15 आणि स्किम्डमधून जेमतेम अडीच. एका ग्रॅमचे 9 कॅलरी धरल्यास फुल क्रीमऐवजी टोन्ड घेतल्याने रोज सुमारे 135 कॅलरी कमी होतात, आणि प्रथिने मात्र 15 ते 17 ग्रॅमच्या आसपासच राहतात. वजन वाढवायचे असेल किंवा भूक कमी असूनही मेहनत जास्त असेल, तर हेच 135 कॅलरी उपयोगी पडतात. वजन आटोक्यात ठेवायचे असेल तर टोन्ड पुरेसे आहे. स्किम्डची शिफारस मी एकूण आहारातील स्निग्ध पदार्थ मोजून खाणाऱ्यांनाच करीन, कारण अ आणि ड जीवनसत्त्वे सायीबरोबर निघून जातात. ती पुन्हा मिसळलेली आहेत का, हे पिशवीवरील ‘+F’ या चिन्हावरून कळते. धावायला निघण्याआधी फुल क्रीम दूध टाळावे, कारण स्निग्ध पदार्थांमुळे पोट रिकामे व्हायला वेळ लागतो.

घरी साय काढली की दूध स्किम्ड झाले, हा समज मात्र सोडावा. होमोजिनाइज्ड दुधातील स्निग्ध कण इतके बारीक केलेले असतात की तापवून गार केल्यावरही वर पातळ पापुद्रा येतो आणि बहुतेक स्निग्धांश दुधातच राहतो.

डब्यावरचा ‘ए टू’ दूध आरोग्याला अधिक चांगले असल्याचा दावा स्निग्धांशाविषयी नसून दुधातील बीटा केसिन या प्रथिनाविषयी आहे; ए वन आणि ए टू हे त्याचे दोन प्रकार. या प्रथिनाच्या साखळीत 67व्या जागी ए टूमध्ये प्रोलिन हे अमिनो आम्ल असते आणि ए वनमध्ये हिस्टिडिन. त्यामुळे ए वन पचताना बीसीएम-7 हा तुकडा अधिक सुटतो, इथपर्यंत शास्त्र बरोबर आहे. पण त्यामुळे आजार होतात, असा कार्यकारणभाव युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2009च्या आढाव्यात सिद्ध झाला नाही. भारतीय अन्न प्राधिकरणाने ऑगस्ट 2024मध्ये वेष्टनांवरून हे दावे काढण्याची सूचना दिली आणि काही दिवसांतच ती मागे घेतली, त्यामुळे डब्यांवर ते अजून दिसतात. शिवाय म्हशीचे दूध मुळातच ए टू असते; त्यासाठी वेगळी किंमत मोजण्याचे कारण नाही.

दूध प्यायल्यावर पोट फुगत असेल, तर आधी लॅक्टोजचा विचार करावा. ती शर्करा ए टूसह या सर्व दुधांत सारखीच असते. आठवडाभर लॅक्टोजमुक्त दूध घेऊन त्रास थांबला, तर दोष बहुधा तिचाच असतो.